पानाशेजारी नाणे आणि पानामागे कोरा कागद : ओळख पटवण्यासाठी वनस्पतीचे छायाचित्र कसे घ्यावे

छायाचित्रात आकार दिसतो, पण माप दिसत नाही. चार मिलिमीटरचे पान जवळून टिपले आणि चार सेंटिमीटरचे पान लांबून टिपले, तर दोन्ही चौकटीत सारखीच जागा व्यापतात आणि पाहणाऱ्याला त्यांतला फरक कळण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. वनस्पती ओळखण्याचे ग्रंथ मात्र पानाची लांबी, देठाची लांबी, फळाचा व्यास अशा मापांवर पावलोपावली विसंबतात. म्हणूनच वनस्पतिसंग्रहालयांत वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांची छायाचित्रे घेतली जातात, तेव्हा चौकटीत मोजपट्टी ठेवण्याची पद्धत आहे आणि ते नमुने मुळातच कोऱ्या कागदावर असतात. हेच दोन उपाय, म्हणजे मापाची वस्तू आणि साधी पार्श्वभूमी, मैदानात फोनने छायाचित्र घेणाऱ्यालाही तितकेच उपयोगी पडतात; मात्र ते नेमके का उपयोगी पडतात हे कळले नाही, तर ते चुकीच्या रीतीने वापरले जातात आणि चुकीचे माप हे माप नसण्यापेक्षा अधिक फसवे ठरते.

हा लेख एकाच उदाहरणाच्या आधाराने पुढे जातो, कारण त्या उदाहरणात दोन्ही उपायांची गरज एकामागून एक आपोआप समोर येते.

उदाहरण : चीक येणारे एक लहान तण

फरशांच्या फटींत, पायवाटांच्या कडेला आणि कुंड्यांतल्या मातीत, उष्ण हवामानाच्या बहुतेक प्रदेशांत, जमिनीलगत वाढणारे एक तण आढळते. त्याची पाने फांदीवर समोरासमोर असतात, पानाच्या कडेला बारीक दाते असतात, पानाचा तळ तिरका असतो, म्हणजे देठापाशी पानाची एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरलेली असते, आणि फांदी तोडली की पांढरा चीक येतो. हे वर्णन किमान तीन निरनिराळ्या जातींना लागू पडते. पहिली युफोर्बिया हिर्टा, जिला मराठीत दुधी म्हणतात. दुसरी युफोर्बिया थायमिफोलिया, म्हणजे लहान दुधी. आणि तिसरी युफोर्बिया प्रोस्ट्राटा.

पहिलीची पाने साधारण एक ते पाच सेंटिमीटर लांब असतात, तर दुसरी आणि तिसरी यांची पाने बहुधा आठ मिलिमीटरच्या आतच राहतात. ही झाली पहिली पायरी, आणि ती निव्वळ मापाची आहे. दुसरी व तिसरी यांना एकमेकींपासून वेगळे करायचे असेल, तर माप पुरत नाही. तिथे जेमतेम एक ते दीड मिलिमीटरच्या फळावरची लव पाहावी लागते. थायमिफोलियाच्या फळावर बारीक लव सर्वत्र असते, तर प्रोस्ट्राटाच्या तीनधारी फळावर लांबसर केस मुख्यतः त्या तीन धारांवरच ओळीने असतात. ही झाली दुसरी पायरी, आणि ती पार्श्वभूमीवर अवलंबून आहे, कारण एवढे बारीक केस मातीच्या किंवा गवताच्या पार्श्वभूमीवर दिसतच नाहीत.

अगदी सुरुवातीच्या काळात मी याच तणाचे एक छायाचित्र घेतले होते. पान चौकटभर भरलेले, दाते स्पष्ट, रंग उत्तम. घरी येऊन मी त्याची नोंद युफोर्बिया हिर्टा अशी केली, कारण मला ती एकच जात माहीत होती आणि आकार तिच्याशी जुळत होता. पुढच्या आठवड्यात त्याच जागी गेल्यावर लक्षात आले की ते पान करंगळीच्या नखापेक्षाही लहान होते. छायाचित्रात चूक काहीच नव्हती. फक्त ज्या एका गोष्टीवर निर्णय अवलंबून होता, ती गोष्ट त्यात नव्हती.

पायरी १ : आधी काहीही न ठेवता एक छायाचित्र घ्यावे

नाणे आणि कागद बाहेर काढण्यापूर्वी वनस्पती जशी आहे तशी, तिच्या परिसरासह टिपावी. ती जमिनीला चिकटून पसरली आहे की फांद्यांची टोके वर उचललेली आहेत, मुळे एका जागी आहेत की फांद्यांच्या पेरांपासूनही फुटली आहेत, माती कोरडी आहे की ओली, हे सर्व कोऱ्या पार्श्वभूमीवर नाहीसे होते. साधी पार्श्वभूमी तपशील उठावदार करते, पण त्यासाठी परिसराची माहिती पुसून टाकते, म्हणून ती या पहिल्या छायाचित्राची जागा घेऊ शकत नाही. या छायाचित्रासाठी फोन उभ्याने, कमरेच्या उंचीवरून धरला तरी चालतो.

पायरी २ : मापाची वस्तू निवडावी

नाणे आणि मोजपट्टी या दोन्हींचे काम एकच वाटते, परंतु त्यांचे गुण वेगळे आहेत आणि ते कळले की कुठे काय ठेवायचे हे आपोआप ठरते.

नाण्याचा मोठा गुण त्याच्या गोलपणात आहे. कॅमेरा वस्तूच्या बरोबर समोर असेल, तर नाणे छायाचित्रात गोल दिसते. कॅमेरा तिरका असेल, तर ते लंबगोल दिसते. म्हणजे माप सांगण्याबरोबरच छायाचित्र किती तिरके घेतले गेले हेही नाणे सांगून टाकते. तेवीस मिलिमीटर व्यासाचे नाणे छायाचित्रात एका दिशेने तेवीस आणि दुसऱ्या दिशेने वीस अशा प्रमाणात दिसत असेल, तर कॅमेरा सुमारे तीस अंशांनी कललेला होता असे समजावे, आणि त्या दुसऱ्या दिशेने असलेले पानही तेवढेच, म्हणजे सुमारे तेरा टक्क्यांनी, आखूड दिसत आहे हे ओळखावे. मोजपट्टी हा कल लपवते. तिरक्या कोनातून घेतलेल्या छायाचित्रातही पट्टी पट्टीसारखीच दिसते आणि तिच्यावरचे आकडे पाहून निर्धास्तपणे चुकीचे माप वाचले जाते.

नाण्याचा दोष असा की ते स्वतः आपले माप सांगत नाही. निरनिराळ्या देशांची नाणी निरनिराळ्या आकारांची असतातच, शिवाय एकाच किमतीच्या नाण्याचा आकारही काळानुसार बदललेला असू शकतो; त्यामुळे ‘शेजारी नाणे ठेवले आहे’ एवढ्याने दूरच्या पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. यावर उपाय सोपा आहे. एकच नाणे कायमचे ठरवावे, त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये एकदा काळजीपूर्वक मोजावा आणि प्रत्येक नोंदीत तो आकडा लिहावा. नाणे झिजून गुळगुळीत व मळकट झालेले असेल तर अधिक चांगले, कारण नवे चकचकीत नाणे उन्हात इतके चमकते की कॅमेरा त्या चमकेनुसार उजेड कमी करतो आणि पान काळवंडते.

मोजपट्टी कमी जागेत अधिक अचूक माप देते. एक मिलिमीटरच्या फळाशेजारी अख्खे नाणे ठेवणे निरर्थक आहे, कारण एवढ्या जवळून नाणे चौकटीत मावतच नाही. तिथे मिलिमीटरच्या रेघाच हव्यात. पट्टी पांढरी, चमक नसलेली आणि ठळक काळ्या रेघांची असावी. पोलादी पट्टी उन्हात चकाकते, तर पारदर्शक पट्टीवरच्या रेघा मागच्या पानांत मिसळून जातात. पट्टीच्या एका बाजूला इंच असतील, तर सेंटिमीटरची बाजू वनस्पतीकडे ठेवावी आणि किमान दोन लगतचे आकडे चौकटीत येतील असे पाहावे, म्हणजे रेघा कशाच्या आहेत याविषयी शंका राहत नाही. बऱ्याच पट्ट्यांवर शून्याची रेघ पट्टीच्या कडेपासून थोडी आत असते, म्हणून पट्टीचे टोक पानाच्या टोकाला जुळवून माप घेण्याचा मोह टाळावा.

दोन्ही नसतील, तर बँकेचे कार्ड चालते, कारण त्याचा आकार जगभर एकच ठरलेला आहे : ८५.६ मिलिमीटर लांब आणि सुमारे ५४ मिलिमीटर रुंद. अर्थात क्रमांक, नाव किंवा सही कोणत्याही बाजूने दिसणार नाही, ही काळजी घ्यावी; त्यापेक्षा त्याच आकाराचा जाड कागदाचा तुकडा कापून जवळ ठेवणे चांगले. पेन, बोट किंवा तळहात ठेवून अंदाज येतो, माप मिळत नाही, आणि आपल्या उदाहरणात आठ मिलिमीटर आणि दहा मिलिमीटर यांतला फरक महत्त्वाचा आहे.

पायरी ३ : मापाची वस्तू पानाच्याच पातळीवर ठेवावी

सर्वांत जास्त चुका या पायरीवर होतात आणि त्या सहसा कोणाच्या लक्षात येत नाहीत, म्हणून इथे थोडे थांबू.

कॅमेऱ्यापासून वस्तू जितकी दूर, तितकी ती लहान दिसते. समजा, फोन पानापासून वीस सेंटिमीटर वर धरला आहे. पान फांदीच्या टोकाला, जमिनीपासून पाच सेंटिमीटर उंच आहे आणि नाणे जमिनीवर ठेवले आहे. म्हणजे कॅमेऱ्यापासून पान वीस सेंटिमीटरवर आणि नाणे पंचवीस सेंटिमीटरवर आहे. त्यामुळे नाणे, पानाच्या पातळीवर असते तर जेवढे दिसले असते, त्याच्या चार-पंचमांश एवढेच दिसते. आता या लहान दिसणाऱ्या नाण्याच्या आधाराने पान मोजले, तर आठ मिलिमीटरचे पान दहा मिलिमीटरचे भरते. आपल्या तणाच्या बाबतीत हा आकडा नेमका सीमारेषेवर जाऊन बसतो : आठ मिलिमीटर म्हणजे लहान दुधी, आणि दहा मिलिमीटर म्हणजे पायांखाली तुडवल्या जाणाऱ्या जागी खुरटलेली मोठी दुधी असू शकते. नाणे ठेवूनही चुकीची जात लिहिली जाते ती अशी.

यासाठी दोन उपाय आहेत आणि शक्यतो दोन्ही एकदम करावेत. पहिला म्हणजे कॅमेरा मागे न्यावा आणि फोनमधील दुप्पट किंवा तिप्पट जवळ आणणारी भिंगे असतील तर ती वापरावीत. तेच पाच सेंटिमीटरचे अंतर, पण फोन पानापासून एक मीटरवर असेल, तर चूक पंचवीस टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर येते. दुसरा उपाय अधिक खात्रीचा आहे : जाड कागद किंवा पुठ्ठा फांदीखाली सरकवून तिला त्यावर अलगद टेकवावे आणि नाणे त्याच पुठ्ठ्यावर, पानाच्या शेजारी ठेवावे. पान आणि नाणे आता एकाच पातळीवर आले आणि पार्श्वभूमीचाही प्रश्न सुटला. फांदी यासाठी तोडण्याची किंवा रोप उपटण्याची गरज नसते. पुठ्ठ्याच्या एका बाजूला मध्यापर्यंत चीर दिली, तर खोड त्या चिरेत बसते आणि पुठ्ठा रोपाभोवती सहज सरकतो.

पातळी चुकली आहे का, हे छायाचित्र मोठे करून पाहिल्यास बऱ्याचदा कळते. जवळून घेतलेल्या छायाचित्रात फोकसची खोली फार थोडी असते, म्हणून पानाचे दाते रेखीव आणि नाण्यावरची अक्षरे धूसर असतील, किंवा याउलट असेल, तर दोन्ही एका पातळीवर नव्हते असे निश्चित समजावे. मात्र लांबून घेतलेल्या छायाचित्रात सर्वच गोष्टी रेखीव येतात, तेव्हा ही खूण उपयोगी पडत नाही. तिथे पानाची सावली पाहावी. पुठ्ठ्यावर टेकलेल्या पानाची सावली त्याच्या कडेला चिकटलेली असते, अधांतरी पानाची सावली त्याच्यापासून सुटून दूर पडते.

आणखी एक बाब. फोनचे रुंद भिंग चौकटीच्या कडांवरच्या वस्तू ताणून दाखवते. त्यामुळे पान मध्यभागी आणि नाणे कोपऱ्यात अशी मांडणी करू नये. दोन्ही मध्याजवळ, एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवावीत. नाण्याने पानाचा देठ किंवा तिरका तळ झाकला जाणार नाही, याकडे मात्र लक्ष असावे. झाकले जाण्याची भीती वाटत असेल, तर हात न हलवता एक छायाचित्र नाण्यासह आणि एक नाण्याविना घ्यावे.

पायरी ४ : पार्श्वभूमी निवडावी

साध्या पार्श्वभूमीचा हेतू चित्र सुबक दिसावे हा नाही. ती तीन निरनिराळ्या कारणांनी काम करते.

पहिले कारण सरळ आहे : एकत्र वाढलेल्या तणांत कोणते पान कोणाचे हे पाहणाऱ्याला समजत नाही. फटीतल्या दुधीमधून एखादे गवत किंवा दुसरेच रोप डोकावत असते आणि मग एकाची पाने व दुसऱ्याची फुले मिळून अस्तित्वातच नसलेली वनस्पती तयार होते. मागे कागद सरकवला की या प्रश्नाचे उत्तर छायाचित्रातच मिळते.

दुसरे कारण फोनच्या आपोआप होणाऱ्या फोकसचे आहे. कॅमेरा जिथे उजेड-अंधाराचा फरक ठळक असेल तिथे फोकस धरू पाहतो. बारीक फांदीमागे खडी, वाळकी पाने आणि गवत असेल, तर ठळक फरक मागेच अधिक असतो आणि फोकस तिकडे जातो. फांदी धूसर, खडी रेखीव. कोऱ्या कागदावर धरण्यासारखे दुसरे काहीच नसल्यामुळे फोकस वनस्पतीवरच येतो.

तिसरे कारण उजेडाचे आहे आणि पार्श्वभूमीचा रंग त्यावरच ठरतो. कॅमेरा चौकटीतील एकूण उजेड मध्यम करड्या छटेच्या आसपास आणण्याचा प्रयत्न करतो. चौकट पांढऱ्या कागदाने भरली, तर तो उजेड कमी करतो आणि कागद करडा, पान काळपट होते. चौकट काळ्या कापडाने भरली, तर तो उजेड वाढवतो आणि पानाचा फिका भाग किंवा पांढरी फुले पूर्ण पांढरीफटक होऊन त्यांचे तपशील जळून जातात. म्हणूनच चमक नसलेला, मध्यम करड्या रंगाचा कागद किंवा कापड ही सर्वांत कमी त्रासाची पार्श्वभूमी आहे आणि नवशिक्याने तीच वापरावी. रंगीत पार्श्वभूमी टाळावी, कारण लाल किंवा हिरव्या कापडाचा परावर्तित उजेड पानाच्या खालच्या बाजूवर पडतो आणि रंगांचा समतोल ठरवताना कॅमेराही फसतो. दुधीच्या पानावर अनेकदा मध्यभागी जांभळट डाग असतो आणि खोडावर लालसर झाक असते. या छटा खऱ्या आहेत की कापडाच्या, असा प्रश्न पडता कामा नये.

पांढरा आणि काळा यांचे स्वतंत्र उपयोगही आहेत. पानाच्या कडेचे दाते, पानाचा तळ, फांदीवर पाने कशी लागली आहेत, अशी बाह्यरेषा पाहायची असेल, तर पांढरा कागद उत्तम; मात्र पडद्यावर पानाला बोट लावून उजेडाची पट्टी थोडी वर सरकवावी, कागद पांढरा दिसू लागेपर्यंत. याउलट केस, लव, काटे यांसारख्या फिक्या आणि बारीक गोष्टी काळ्या पार्श्वभूमीवरच दिसतात, आणि त्याही उजेड बाजूने किंवा किंचित मागून आला तर. समोरून पडणाऱ्या उजेडात, म्हणजे फ्लॅशमध्ये, लव सपाट होऊन पानात विरून जाते. फ्लॅश बंदच ठेवावा. कडक उन्हात स्वतःची सावली वनस्पतीवर आणि पार्श्वभूमीवर सारखीच पडेल असे उभे राहावे. अर्धे ऊन, अर्धी सावली असलेले छायाचित्र पुढे कोणत्याही दुरुस्तीने सुधारत नाही.

ए-४ आकाराचा कागद पार्श्वभूमीला वापरला आणि त्याचे चारही कोपरे चौकटीत आले, तर तो स्वतःच मापाची वस्तू होतो, कारण त्याची बाजू २१० आणि २९७ मिलिमीटर अशी ठरलेली असते. मोठ्या पानांसाठी किंवा पूर्ण फांदीसाठी ही युक्ती सोयीची आहे. लहान गोष्टींसाठी एक मिलिमीटरच्या चौकोनांचा आलेख-कागद ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. त्याने माप उत्तम मिळते, परंतु रेघांच्या जाळीत दाते आणि केस हरवतात आणि पार्श्वभूमी साधी राहत नाही. माझ्या मते त्या कागदाची एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापून साध्या कागदाच्या कडेला चिकटवावी, म्हणजे दोन्ही हेतू साधतात.

फोनमधील ‘पोर्ट्रेट’ पद्धत पार्श्वभूमी कृत्रिमरीत्या धूसर करते, म्हणून ती साध्या पार्श्वभूमीला पर्याय वाटू शकते. तसे नाही. वनस्पतीची कड कुठे संपते याचा ती अंदाज बांधते आणि त्या अंदाजात केस, दाते व बारीक देठ सर्रास पुसले जातात, म्हणजे नेमके जे पाहायचे तेच जाते.

पायरी ५ : एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता फटीतल्या त्या तणाकडे परत जाऊ. त्याची परिसरासह पहिली नोंद झाली. फांदीखाली चीर दिलेला करडा पुठ्ठा सरकवला आणि फांदी त्यावर टेकवली. शेजारी तेवीस मिलिमीटर व्यासाचे नाणे ठेवले, फोन पुठ्ठ्याला समांतर धरला आणि सुमारे तेरा सेंटिमीटर रुंदीचा भाग चौकटीत घेतला. फांदीच्या टोकाची कोवळी पाने आणि तळाची वाळत आलेली पाने सोडून, मधली पूर्ण वाढलेली पाने नाण्याजवळ येतील असे पाहिले, कारण ग्रंथांतली मापे पूर्ण वाढलेल्या पानांची असतात.

घरी आल्यावर छायाचित्र कोणत्याही चित्र-संपादकात उघडून मोजण्याच्या साधनाने नाण्याचा व्यास पाहिला : तो दोन्ही दिशांनी ६९० पिक्सेल भरला. दोन्ही दिशांनी सारखा असल्याने कॅमेरा कललेला नव्हता. ६९० ला २३ ने भागले की एक मिलिमीटरमध्ये ३० पिक्सेल येतात. मधल्या पाच पानांची लांबी मोजली. सर्वांत लांब पान १९५ पिक्सेल भरले, म्हणजे साडेसहा मिलिमीटर, आणि बाकीची पाच ते सहा मिलिमीटरच्या दरम्यान होती. एकाच पानावर निर्णय घेऊ नये, कारण खुरटलेले एखादे पान कोणत्याही रोपावर सापडते. पाच पाने सारखेच सांगत असतील, तर त्यावर भरवसा ठेवता येतो. मोठी दुधी इथे जवळजवळ बाद झाली. जवळजवळ, कारण तुडवलेल्या जागी तीही लहान राहते. म्हणून खोड पाहिले. मोठ्या दुधीच्या खोडावर लांब, पिवळसर केस असतात आणि तिचे फुलोरे पानांच्या बेचक्यांत दाट गोळ्यांसारखे दिसतात. इथे यांतले काहीच नव्हते.

उरल्या दोन जाती. या छायाचित्रात फळ साधारण चाळीस पिक्सेलचे होते आणि चाळीस पिक्सेलमध्ये त्यावरचे केस कुठे आहेत हे सांगता येत नाही. हे छायाचित्र कितीही मोठे करून पाहिले, तरी त्यात नसलेला तपशील येणार नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन फोनची जवळून टिपण्याची ‘मॅक्रो’ पद्धत वापरली आणि जेमतेम चार सेंटिमीटर रुंदीचा भाग चौकटीत घेतला. बऱ्याच फोनांचे मुख्य भिंग एवढ्या जवळून फोकस धरत नाही. तसे असेल, तर भिंगावर अडकवायचे छोटे मॅक्रो भिंग किंवा दहापट मोठे दाखवणारे हातभिंग फोनच्या भिंगाला टेकवून धरता येते. आता एका मिलिमीटरला शंभर पिक्सेल मिळाले आणि फळ सव्वाशे पिक्सेलचे झाले. नाण्याच्या जागी पट्टीच्या मिलिमीटरच्या रेघा आल्या, करड्या पुठ्ठ्याच्या जागी काळा कागद आला आणि उजेड डाव्या बाजूने येईल असे रोपाभोवती फिरून उभे राहावे लागले. फळाच्या तीन धारांवर पांढऱ्या केसांची ओळ काळ्या कागदावर स्पष्ट उमटली आणि धारांमधला भाग गुळगुळीत दिसला. ते तण युफोर्बिया प्रोस्ट्राटा होते.

फांदी हाताळताना चीक बोटांना लागतो. या कुळातील वनस्पतींचा चीक डोळ्यांत गेल्यास दाह होतो, म्हणून हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नयेत आणि चीक लागलेला पुठ्ठा पुसून ठेवावा.

पायरी ६ : माप हरवू देऊ नये

एवढे करूनही शेवटी माप हातचे जाते ते छायाचित्र कातरताना. पान मध्यभागी आणून चारी बाजू कापल्या की नाणे कापले जाते आणि आपण पुन्हा सुरुवातीच्या जागी येतो. कातरायचेच असेल, तर मूळ छायाचित्र जपून ठेवावे आणि कातरलेल्या भागातही नाण्याचा पूर्ण गोल किंवा पट्टीचे किमान दोन आकडे राहू द्यावेत. संदेशांच्या ॲपमधून पाठवताना बहुतेक ॲप छायाचित्र आपोआप लहान करतात. नाणे आणि पान दोन्ही सारख्याच प्रमाणात लहान होत असल्यामुळे माप टिकते, पण फळावरचे केस जातात, म्हणून जवळून घेतलेली छायाचित्रे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावीत.

छायाचित्रासोबतची नोंद दोन ओळींची पुरते, परंतु त्या दोन ओळींत नाण्याचा व्यास मिलिमीटरमध्ये, पान आणि नाणे एकाच पातळीवर होते की नाही, आणि मोजलेली पाने फांदीच्या कोणत्या भागातील होती, हे यायला हवे. पातळी सारखी नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे. तसे लिहिले असेल, तर पाहणारा त्या मापाकडे अंदाज म्हणून पाहतो आणि खोडावरचे केस किंवा फळ दाखवणारे दुसरे छायाचित्र मागतो.